मामाची गाडी "बिघडली", एवढंच कळलं होतं

पोळा होऊन आठवडा झाला असेल. मी यवतमाळले आमच्या गॅरेजवर एका गाडीच्या क्लचप्लेटा काढून बसलो होतो, हात ऑईलने काळे, आणि मामाचा फोन. घाटंजीच्या पुढे आडवळणाले गाव आहे त्याहीचं, इथून चाळीसेक किलोमीटर. फोन खांद्यात दाबून उचलला तर पहिलं वाक्य, "गाडी बिघडली गा."

"कोणती गाडी मामा?"

"माही."

"तुमचीच हो, पण कोणती?"

"स्कुटी."

आता आमच्याकडे बिनगियरची जी जी गाडी ती स्कुटी. कंपनी कोणती का असेना, शंभर सीसी का सव्वाशे का असेना, स्कुटीच. मी म्हटलं बाजूले नाव लिहिलं असेल ते वाचा, तर म्हणे नाव होतं, पोरानं, बारक्यानं, उपटून टाकलं आणि तिथं "शेतकरी राजा" लिहून आणलं. गाडी घेतली सेकंडहँड, दारव्ह्याच्या एका माणसाकडून, कागद अजून त्याच्याच नावावर. सर्व्हिसिंग कधी केली? "पेट्रोल टाकतो ना वेळेवर." काय होऊन राहिलं? "बिघडली म्हन्तो ना." आवाज कसा येते? "आवाज तर गाडीचाच येते."

हसू नका, गॅरेज चालवणाऱ्याले हे फोन महिन्यातून धा येतात. मॉडेल नाही, लक्षण नाही, इतिहास नाही, आणि समोरच्याले वाटते की तुम्ही यवतमाळात बसून सांगून टाकाल. अशा वेळी माझ्या धंद्यातले लोक दोनपैकी एक करतात. एक तर "घेऊन या" म्हणतात, किंवा अंदाजे "प्लग बदला" म्हणतात. मी दुसरं केलं आणि तोंडावर पडलो, ते पुढं येईलच.

पण आधी गाडी कोणत्या काळातली ते मी फोनवर कसं काढलं ते सांगतो, कारण हे कोणालेही जमते. नाव माहीत नसलं तरी चालते, कंपनी माहीत नसली तरी बऱ्याच वेळा चालते, पण गाडी कार्बोरेटरची की इंजेक्शनची हे माहीत नसलं तर पुढचा एक शब्दही बोलण्यात अर्थ नाही, दोन्हीच्या बिमाऱ्या वेगळ्या. आणि "कार्बोरेटर आहे का" असं मामाले विचारलं तर ते हाव म्हणणार, काहीही विचारलं तरी हावच म्हणतात. म्हणून असं विचाराव लागते की ज्याचं उत्तर डोळ्याने पाहून देता येईल.

मी बारक्याले फोनवर घेतलं. "अबे, समोरचा मोठा लाईट बंद करता येते का सांग." म्हणे बंद होते ना, बटण आहे. बस. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा हेडलाईट इंजिन चालू असलं की कायमच चालू राहते, तो बंद करायचं बटणच कंपनी देत नाही. म्हणजे बटण असलं तर गाडी बहुतेक त्याच्या आधीची. बहुतेक म्हणतो कारण काही लोक बाहेरून बटण टाकून घेतात. म्हणून दुसरा प्रश्न, चाबी फिरवल्यावर मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागते का, आणि सीटखालून एकदोन सेकंद बारीक "कूंऽ" असा आवाज येते का. तो दिवा आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा तो आवाज म्हणजे इंजेक्शनची गाडी, स्कुटरमध्ये तसं मुख्यतः 2020 च्या एप्रिलपासून, बीएस 6 आल्यावर. बारक्या म्हणे दिवा नाही, आवाज नाही. मग मी त्याले चेसिस नंबरचा फोटो पाठवायले लावला. सतरा अक्षरं असतात, बहुतेक कंपन्यांचं दहावं अक्षर बनल्याचं वर्ष सांगते, ए म्हणजे 2010, बी म्हणजे 2011, असं पुढं. मामाच्या गाडीचं दहावं अक्षर डी निघालं. 2013 ची गाडी, कार्बोरेटरवाली, किक असलेली. नाव अजूनही माहीत नव्हतं आणि मले त्याची गरजही उरली नव्हती.

आता लक्षण. "बिघडली" या शब्दात काय काय बसते पहा. चालू होत नाही तेही बिघडली, चालू होते पण ओढत नाही तेही बिघडली, ओढते पण मधात बंद पडते तेही, आणि ब्रेक लागत नाही तेही. मी म्हटलं वाद नको, आत्ता किक मारून दाखव. बारक्यानं मारली आणि गाडी पहिल्या किकेत चालू झाली. मागून मामाचा आवाज, "पाय, तुया आवाज ऐकूनच चालू झाली."

फोन सायलेन्सरजवळ धर म्हटलं. धरला. फडफडफडफड एवढंच ऐकू आलं, आणि सांगतो, फोनवर इंजिनचा आवाज ऐकून निदान करणाऱ्या माणसावर भरोसा ठेवू नका, फोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवला आहे, बाकीचा आवाज तो अर्धा खाऊन टाकते. मी गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी ऐकतो, दुसरं काही नाही.

चार प्रश्न अजून विचारल्यावर एवढं निघालं की गाडी घरून निघताना ठीक असते, रस्त्यात कुठंतरी बंद पडते, मग चालू होत नाही, मग चालू होते. मी क्लचप्लेटात गुंतलेलो, समोर गिऱ्हाईक उभं, म्हटलं गावातल्या मेकॅनिककडून प्लग आणि कार्बोरेटर साफ करून घ्या, कचरा असेल. फोन ठेवला.

हीच माझी चूक.

गावातल्या मेकॅनिक पोरानं प्लग काढला, कार्बोरेटर खोलून हवा मारून साफ केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेपर्यंत चक्कर मारून पाहिली, एकदम मख्खन. दोन दिवसांनी घाटंजीच्या रस्त्यावर पुन्हा बंद. त्यानं नवा प्लग टाकला. पुन्हा मख्खन. पुन्हा बंद. एअर फिल्टर बदलला, मग म्हणे कॉईल गरम होत असेल, कॉईल मागवू. तोपर्यंत मामाचे साडेसातशे गेले होते आणि मामीनं मले फोन करून सांगितलं की तुया मामा रोज संध्याकाळी गाडी ढकलत येतात, गुडघे गेले त्याहीचे, आणि दुधाचा डबा उतरवून डोक्यावर आणावा लागते.

त्या पोराची चूक नव्हती. या बिमारीची गंमतच अशी की गाडी नुसती उभी राहिली तरी दुरुस्त होते. मग तुम्ही त्या पंधरा-वीस मिनिटात काहीही करा, प्लग पुसा, नारळ फोडा, गाडी चालू होणारच आणि तुम्हाले वाटणार की आपण केलं त्याच्यानं झालं. आणि टेस्ट काय, तर शाळेपर्यंत चक्कर, जाऊन येऊन एक किलोमीटर. बंद पडते चार किलोमीटरनंतर. जी टेस्ट बिघाड दाखवूच शकत नाही तिच्यात पास होऊन काय फायदा.

मग मी बारक्याले कामाले लावलं. म्हटलं गाडीले कोणी हात लावू नका, काही बदलू नका, नुसतं लिहा. कुठं बंद पडली, घरून किती लांब, टाकीत पेट्रोल किती होतं, बंद पडताना झटके दिले का खटकन बंद झाली, आणि किती वेळानं चालू झाली. पोरगं बारावीत आहे, वहीच्या मागच्या पानावर लिहून त्यानं फोटो पाठवला.

तीन वेळचं होतं. पहिल्यांदा पंपावर टाकी फुल केली आणि परत येताना तीन-साडेतीन किलोमीटरवर बंद, पंधरा मिनिटांनी चालू. दुसऱ्यांदा अर्धी टाकी होती, त्या दिवशी सात-आठ किलोमीटर गेली, मग बंद. तिसऱ्यांदा पुन्हा पेट्रोल भरल्या भरल्या, चार किलोमीटर. तिन्ही वेळा आधी झटके, गाडी घुटमळल्यासारखी, रेस दिली तर अजूनच बसते, मग बंद. खाली मामानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, पंपावाला पाणी मिसळते.

मामाचा तर्क वाईट नव्हता बरं का. पेट्रोल भरलं की बंद पडते, म्हणजे पेट्रोलच खराब. पण खराब पेट्रोल पंधरा मिनिटं उभं राहून चांगलं होत नाही. पाणी कार्बोरेटरात गेलं तर गाडी उभी ठेवून सुधारत नाही, खालचा ड्रेन स्क्रू खोलून पाणी काढावंच लागते. आणि झटके देऊन हळूहळू बसणं याचा अर्थ बहुतेक पेट्रोल कमी पडणं, करंट गेला तर दिव्याचं बटण दाबल्यासारखं खटकन बंद होते. बहुतेक, हं. अर्धवट मेलेली कॉईल झटकेही देते, म्हणून मी अजून काही ठरवलं नव्हतं. पण फुल टाकीत लवकर आणि अर्ध्या टाकीत उशिरा, हे माझ्या डोक्यात जाऊन बसलं. कॉईलले काय माहीत टाकीत किती पेट्रोल आहे.

रविवारी गॅरेज बंद ठेवून गेलो. सोबत प्लगपाना, एक पेचकस, एक पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली आणि फुटभर नळी, बाकी काही नाही. मामा अंगणात कॉईल घेऊनच उभे, नव्या डब्यातली, मागवून ठेवली होती. मी म्हटलं डबा उघडू नका, परत देता येईल.

आणि मी गाडीले हात लावला नाही. हे कठीण जाते मेकॅनिकले, हात खाजवते. पण जे खोलशील ते बदलते, मग खरी बिमारी कोणती होती ते कळत नाही. तिले माझ्यासमोर बिघडू द्यायचं होतं. आदल्या दिवशी मामानं टाकी फुल केली होती, माझ्याच सांगण्यावरून. मामा मागे, मी पुढे, बारक्या सायकलीवर, असे निघालो. कपाशीले पहिली बोंडं धरत होती, पाऊस चार दिवसांपासून उघडा, ऊन चटका देणारं. शाळा गेली, नाला गेला, पुलाच्या अलीकडे पळसाचं झाड आहे तिथं गाडीनं पहिला झटका दिला. रेस थोडी कमी केली तर पुन्हा सुधरली, पन्नासेक पावलं गेली, मग घुटमळली आणि बसली. बारक्याच्या हिशोबाने साडेतीन किलोमीटर.

आता इथं एक अडचण असते. गाडी उभी राहिली की तिचा बिघाड मरायले लागते. म्हणजे एका वेळी तुम्हाले एकच प्रश्न विचारता येते, दुसरा विचारेपर्यंत ती बरी झालेली असते. मी पहिला प्रश्न करंटचा ठरवला होता, कारण कॉईलचे पैसे अडकले होते. लगेच प्लग काढला. कोरडा. नाकाले लावला तर पेट्रोलचा वास जवळपास नाही. प्लग कॅपमध्ये बसवला, त्याचं लोखंड इंजिनाले टेकवलं, जिथून प्लग काढला त्या भोकापासून दूर, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते, आणि बारक्याले किक मारायले लावलं. निळी, टणटणीत ठिणगी. गाडी गरम, आत्ताच बंद पडलेली, आणि ठिणगी निळी. कॉईल सुटली आरोपातून. करंट गेला असता तर उलट झालं असतं, ठिणगी नाही आणि प्लग पेट्रोलनं ओला. प्लग कोरडा म्हणजे पेट्रोल इंजिनापर्यंत पोचतच नाही.

प्लग परत बसवेपर्यंत दहा-बारा मिनिटं झाली, सेल्फ मारला तर गाडी चालू. मामा म्हणे, "झाली ना?" म्हटलं नाही झाली, बसा.

दुसऱ्यांदा अडीच किलोमीटरवर बसली, कोणाच्या तरी तुरीच्या धुऱ्याजवळ. यावेळी मी गाडी स्टँडवरही लावली नाही, मामाले म्हटलं पकडून ठेवा, सीट उचलली आणि टाकीच्या झाकणाले हात घातला. झाकण फिरवलं आणि ते सहज आलं नाही, ओढून धरल्यासारखं. जोर लावला तर "सुऽऽप", आत हवा ओढल्याचा आवाज. आणि झाकणाखाली एक पन्नी.

साधी पन्नी, किराण्याची, पातळ, पांढरी, चौघडी करून टाकीच्या तोंडावर ठेवलेली आणि वरून झाकण घट्ट. मधातला भाग वाटीसारखा आत खोल गेलेला, रबराच्या गोल रिंगणाचा छाप तिच्यावर उमटलेला. पेट्रोलनं जराशी फुगून लिबलिबीत झाली होती. मी ती तशीच दोन बोटात धरून मामाकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"पन्नी आहे ना."

"ते दिसून रायलं. कोनं लावली?"

"म्याच. पाणी नाई गेलं पाहिजे म्हनून."

झाकण उघडं ठेवून सेल्फ दाबला. चार-पाच सेकंद नुसता फिरला, म्हणून थांबलो, सेल्फ लांब लांब दाबू नये, बॅटरी बसते. दुसऱ्यांदा दाबला आणि गाडी चालू. दहा-बारा मिनिटं लागत होती तिथं एक मिनिटही लागलं नाही. पहिल्या वेळी का नाही लागली तेही सांगतो, या गाड्यांमध्ये पेट्रोलचा कॉक आपोआप चालते, इंजिन फिरलं की त्याच्या ओढीनं उघडते, बंद असलं की बंद. रिकामं झालेलं कार्बोरेटर भरायले इंजिन थोडं फिरावंच लागते. अनेक जण एकदा सेल्फ मारून "नाही, हे कारण नाही" म्हणतात आणि खऱ्या कारणापासून परत फिरतात.

मामाले मी तिथंच धुऱ्यावर बसून समजावलं, पाण्याच्या बाटलीनं. बाटली भरली, तोंडावर तळहात घट्ट दाबला आणि बुडाजवळ पेचकसानं बारीक भोक पाडलं. जराशी धार आली आणि थांबली. तळहात काढला, धार सुरू. "पाणी खाली जायचं तर तेवढी हवा वरून आत यावी लागते," मी म्हटलं. टाकीच्या झाकणात त्यासाठीच एक बारीक वाट असते. ती बंद झाली की पेट्रोल जसजसं खाली जाते तसतशी वरची हवा ताणल्या जाते, आणि मग ती पेट्रोलले वर ओढून धरते. फुल टाकीत वर हवेची जागा जराशी असते, ती पटकन ताणल्या जाते, म्हणून गाडी लवकर बसते. अर्ध्या टाकीत जागा मोठी, वेळ लागते. आणि उभी ठेवली की रबराच्या बाजूनं थोडी थोडी हवा आत शिरते, की गाडी बरी. पंपावालाही सुटला, गावातला मेकॅनिकही सुटला, आणि त्या पोराले पन्नी का दिसली नाही तर त्यानं टाकीचं झाकण उघडलंच नव्हतं, त्याची टाकीत काही गरजच नव्हती. पेट्रोल भरताना मामा स्वतः झाकण उघडत आणि पन्नी पुन्हा नीट बसवत, अगदी मन लावून.

बारक्यानं बाटली पुन्हा पुन्हा करून पाहिली, मामानं नाही. मामा म्हणे, "मंग मागच्या वर्षी काऊन नाई बंद पडली?" प्रश्न बरोबर होता. आणि त्याच प्रश्नातून जो इतिहास मी फोनवर मागत होतो तो बाहेर आला, ज्याले ते "सर्व्हिसिंग" म्हणतच नव्हते म्हणून सांगितला नव्हता. मागच्या पावसाळ्यात गाडी रात्रभर पावसात उभी होती, सीट फाटलेली, सीटच्या फोममध्ये पाणी साचून ते थेट झाकणावर ठिबकत राहिलं, झाकणाचं रबर चिरलेलं. टाकीत पाणी गेलं. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, पाणी थोडं असलं तर त्यात मिसळून जळून जाते, पण जास्त झालं की इथेनॉल पेट्रोलले सोडून पाण्यासोबत बुडाशी जाऊन बसते, आणि कॉक तर तिथूनच पेट्रोल घेते. तेव्हा घाटंजीच्या कोण्या मेकॅनिकनं टाकी रिकामी करून दिली, झाकणाचं रबर नवं टाकलं, आणि जाताना सांगितलं की पाणी जाऊ देऊ नका. मामानं ऐकलं. यंदाचा पाऊस लागला तशी पन्नी लावली. नवं घट्ट रबर आणि त्याच्याखाली पन्नी, दोन्ही मिळून काम झालं. जुनं चिरलेलं रबर असतं तर पन्नी असूनही हवा घुसत राहिली असती आणि गाडी कधी बंदच पडली नसती.

पण मी अजूनही शंका ठेवली. झाकण उघडल्यावरचा आवाज हा पुरावा नाही हे मी आधी शिकलो आहे, दोन गिऱ्हाइकं नाराज करून. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं झाकण उघडलं तर चांगल्या गाडीतूनही "फुस्स" येते, ती आतली वाफ बाहेर निघते. आपल्याले पाहिजे तो आवाज आत ओढल्याचा, बंद पडल्यावर लगेच. कान ओळखत नसतील तर झाकणाजवळ सुताचा धागा धरा, आत जाते का बाहेर ते दिसते. आणि सिगरेट-बिडी दूर, हे सांगायची गरज नाही पण मामाच्या हातात होती म्हणून सांगतो.

म्हणून पन्नी खिशात घातली, झाकण नुसतं तसंच लावलं, आणि घाटंजीपर्यंत जाऊन आलो. एकदाही झटका नाही. परत येताना पंपावर पुन्हा फुल केली, मामाच्या समाधानासाठी त्याच पंपावर. ठीक. गावाजवळ आल्यावर मी थांबलो आणि पन्नी परत बसवली. मामा ओरडले, "अबे आता काऊन बिघडवतं?" म्हटलं दोन मिनिटं थांबा. उलट दिशेनं निघालो आणि पळसाच्या झाडाच्या थोडं पुढं, तसेच झटके, तशीच घुटमळ, बंद. पन्नी काढली, चालू. काढून बरी झाली आणि लावून पुन्हा बिघडली, तेव्हा कुठं मले झोप येण्यासारखं झालं. नुसतं बरं होण्यावर या गाडीत विश्वास ठेवताच येत नव्हता, ती तर कशानंही बरी होत होती.

हे सगळं 2013 च्या गाडीवर इतकं सरळ निघालं. तुमची गाडी 2017 नंतरची असेल तर टाकीची वाफ नळीनं कोळशाच्या एका डब्यात जाते, तिथं हवेच्या वाटेचं प्रकरण वेगळं असते, ती नळी दबली किंवा डब्यात पेट्रोल शिरलं तरी अशीच लक्षणं येऊ शकतात आणि मग नुसतं झाकण पाहून भागत नाही. फुल म्हटल्यावर गळ्यापर्यंत पेट्रोल भरायची जी सवय आहे ना, झाकणाले लागेपर्यंत, ती तिथं महागात जाते.

मामाच्या झाकणाची वाट मी घरी येऊन तपासली, झाकण काढून सायकलच्या पंपानं हवा मारली, थोडी माती निघाली, रस्ता मोकळा. टाकीच्या तळातून नळीनं थोडं पेट्रोल बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवलं, खाली पाण्याची रेघ दिसते का पाहायले. नव्हती. प्लग नवा होता तो राहू दिला. कॉईल बंद डब्यात होती म्हणून दुकानदारानं दुसऱ्या दिवशी परत घेतली, प्लग काही घेतला नाही, आणि काढलेला जुना प्लग बारक्यानं शोधून मले दिला. साफ केला, ठिणगी पाहिली, चांगलाच होता. माझ्या पेटीत आहे.

राहिलं फाटलेलं सीट, खरं मूळ तर तेच. मी सांगितलं की घाटंजीत सीटकव्हर मारून घ्या, दोन-तीनशेत होते. मामा म्हणे कापूस निघाला की पाहू. तोपर्यंत पन्नी सीटवर बांधून ठेवली आहे, सुतळीनं, खताच्या पोत्याची, चांगली जाड.